खोक्याचे माप चुकले की नफा भाड्यात जातो
(व्यापार-उद्योग)

दुकानात बसून माल विकण्याचे दिवस आता एकट्याने चालत नाहीत. आमच्यासारखे चादर, टॉवेल आणि रजई विकणारेही आता कुरिअरने गावोगावी पार्सल पाठवतात. या नव्या धंद्यात आम्ही एक चूक केली. ती दोन महिने कोणाच्या लक्षात आली नाही. तिचा पूर्ण हिशेब येथे देत आहोत, म्हणजे आमच्या खर्चाने इतरांना शिकता येईल.

आमच्या दुकानात दोन वस्तू जास्त चालतात, एक सोलापुरी चादर आणि दुसरी कापसाची एकेरी रजई. दोन्हींचे वजन पॅकिंगसह साधारण दोन किलो भरते. म्हणून पार्सल नोंदवताना आमचा मुलगा दोन्हींसाठी २ किलो लिहीत असे. लांबी, रुंदी व उंचीचे रकाने रिकामे सोडता येत नाहीत, म्हणून तेथे तो १०-१०-१० असे टाकून पुढे जाई. संगणकाने ते निमूट मान्य केले, भाडे १३० रुपये दाखवले आणि आम्ही त्यावरच रजईचा भाव ठरवला.

रजईचा हिशेब आम्ही असा मांडला होता. विक्री १,२५० रुपये, माल ९०० रुपयांचा, खोके व टेप २५, भाडे १३०. शिल्लक १९५ रुपये. (भाड्यावरचा जीएसटी समजायला सोपे जावे म्हणून येथे बाजूला ठेवला आहे.) कागदावर मामला ठीक होता, पण गल्ल्यात ते १९५ रुपये काही दिसेनात. शेवटी कुरिअरच्या खात्यातील कपातीची यादी काढली, तेव्हा प्रत्येक रजईपाठीमागे २१० रुपये जास्तीचे वजा झालेले आढळले. दोन महिन्यांत ४८ रजया गेल्या होत्या, म्हणजे १०,०८० रुपये. रजईमागे १९५ मिळवायचे आणि २१० द्यायचे, म्हणजे प्रत्येक रजईवर आम्ही घरचे १५ रुपये घालत होतो. चादरीवर मात्र एक पैसाही जास्त कापला गेला नव्हता.

वजन सारखे असताना हा फरक का? कारण कुरिअरवाला फक्त काट्यावरचे वजन पाहत नाही. त्याच्या गाडीत आणि विमानात जागाही विकली जाते. कापसाची रजई हलकी असली तरी जागा खूप अडवते. म्हणून तो खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतो आणि त्याला ५,००० ने भागतो. जे उत्तर येते ते आकारमानाचे वजन, किलोमध्ये. मग काट्याचे वजन आणि हे वजन यांतले जे जास्त, त्यावर भाडे लागते. वर ते पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत चढवले जाते.

आता आमची चादर घ्या. घडी केलेले पार्सल ३५ बाय २८ बाय ८ सेंटिमीटर. गुणाकार ७,८४०, भागिले ५,००० म्हणजे दीड किलोच्या थोडे वर. काट्यावर १ किलो ९०० ग्रॅम. काट्याचे वजन जास्त, म्हणून २ किलोचे भाडे. येथे मुलाची गफलत झाकली गेली.

रजईचे खोके आम्ही १८ बाय १४ बाय ६ इंची आणत होतो. बाहेरून, भरल्यानंतर, ते ४६ बाय ३६ बाय १६ सेंटिमीटर भरते. गुणाकार २६,४९६, भागिले ५,००० म्हणजे ५.३ किलो. अर्ध्या किलोवर चढवले की साडेपाच किलो. आमचा दर पहिल्या अर्ध्या किलोला ४० रुपये व पुढील प्रत्येक अर्ध्या किलोला ३० रुपये होता. म्हणजे ४० अधिक दहा वेळा ३०, एकूण ३४० रुपये. त्यातून १३० वजा केले की ते २१० रुपये बरोबर निघतात. कुरिअरवाल्याने फसवले नव्हते. त्याच्या गोदामातील यंत्राने पार्सल पुन्हा मोजले आणि खरे माप लावले, इतकेच.

या खोक्यातून आणखी एक गोष्ट शिकलो. खोकेवाला जे माप सांगतो ते बहुधा आतले असते. आतल्या मापाने हेच खोके ४.९६ किलोचे ठरते, म्हणजे ५ किलोत बसते. पण पुठ्ठ्याची जाडी आणि रजईने फुगलेले झाकण मिळून ते ५ ची हद्द ओलांडते आणि ३० रुपये वाढतात. म्हणून माप नेहमी भरून, टेप लावून झाल्यावर, सर्वांत फुगलेल्या जागी घ्यावे. इंच आणि सेंटिमीटर यांचीही गल्लत होऊ देऊ नये. १८-१४-६ हे आकडे सेंटिमीटरच्या रकान्यात टाकले तर आकारमानाचे वजन तीनशे ग्रॅम दाखवेल.

मग आम्ही काय केले? रजईची घडी बदलली, हाताने दाबून हवा काढली आणि खोक्याऐवजी जाड पिशवी घेतली. आता पार्सल ४० बाय ३२ बाय १४ होते. गुणाकार १७,९२०, म्हणजे ३.५८, चढवून ४ किलो, भाडे २५० रुपये. रजई याहून जास्त दाबून बांधली नाही, कारण फार दिवस चेपलेला कापूस पूर्वीसारखा फुलत नाही आणि गिऱ्हाईक माल परत करते. परत आलेल्या मालाचे भाडेही बहुधा याच वजनाने लागते. बचतीनंतर रजईवर ७५ रुपये उरतात, म्हणून भाव ६० रुपयांनी वाढवला. काही गिऱ्हाईक गेले, पण आता जे येते त्यावर खरोखर १३५ रुपये सुटतात.

प्रत्येक जिनसाचे माप आम्ही वहीत एकदा लिहून ठेवले आहे, एक नगाचे वेगळे आणि दोन नगांचे वेगळे. दोन चादरी एका पार्सलात गेल्या तर नोंद एका चादरीची राहता कामा नये. पॅकिंग बदलले की नवे माप.

कधी कधी यंत्रही चुकते. पट्टा सुटलेला किंवा बाजूचे पार्सल चिकटलेले असले की माप जास्त येते. त्यासाठी पार्सल काट्यावर ठेवून आणि तिन्ही बाजूंना टेप लावून, वरचे लेबल वाचता येईल असे फोटो काढावेत. तक्रारीची मुदत करारात लिहिलेली असते आणि ती थोड्या दिवसांचीच असते, म्हणून कपातीची यादी दर आठवड्याला पाहावी. आमची तक्रार मात्र टिकली नसती, कारण १०-१०-१० आम्हीच लिहिले होते.

करार करताना एक प्रश्न जरूर विचारावा: भागाकार कितीने करता? काही ठिकाणी ५,००० ऐवजी ४,००० ने भागतात. तसे केले तर आमचे जुने खोके साडेपाचऐवजी ७ किलोचे होईल. दर स्वस्त दिसला तरी भाडे महाग पडू शकते. आपली रजई, आपली पिशवी, आपले माप घेऊन दोन्ही दरांनी हिशेब करावा आणि मगच सही करावी.