मी कुणाला काही सांगितलं नव्हतं

तालुक्याच्या गावात समुपदेशन करणाऱ्याला अनोळखी माणूस क्वचितच भेटतो. खोलीत रडून गेलेली बाई संध्याकाळी भाजीवाल्याकडे माझ्याच शेजारी मेथीची जुडी निवडत असते. याची मला सवय होती, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही होता, की माझ्या तोंडून कधी काही बाहेर जात नाही. पुढे जी चूक झाली ती तोंड बंद ठेवूनच झाली. नव्या समुपदेशकांच्या वर्गात मी ती उदाहरण म्हणून सांगते. बाईचे तपशील आणि रकमा बदलल्या आहेत.

आमची बारा जणींची भिशी होती. दरमहा प्रत्येकीचे पाच हजार, म्हणजे जिचा नंबर लागेल तिला साठ हजार. नंबर चिठ्ठ्या टाकून काढायचा, पण कुणाला नड असली आणि तिने मागितला तर बाकीच्या हसत देऊन टाकायच्या. अडचण काय, असं कुणी विचारायचं नाही, हा न लिहिलेला नियम.

भिशीच्या दुसऱ्या महिन्यात त्यातलीच एक माझ्याकडे आली. पहाटे तीनला छातीत धडधड, हातपाय गार, आता मरते की काय अशी भीती. ईसीजी चांगला आला म्हणून तिच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं होतं. जिल्ह्याचं ठिकाण साठ किलोमीटरवर. घरी न सांगता ती तिथे जाऊ शकली नसती. मी तिला घेतलं. भिशीचा विषय निघाला तेव्हा, "ते बाहेरचं बाहेर, इथलं इथे," एवढंच बोलले. भिशीत ती मला ताई म्हणायची आणि मी तिला अगं-तुगं करायचे. खोलीत मी मॅडम झाले, ती 'तुम्ही' झाली. संबोधन बदललं की नातं वेगळं झालं, असं मी धरून चालले.

सहाव्या भेटीत धडधडीमागचं कारण बाहेर आलं. नवऱ्याने सावकाराकडून पैसे उचलले होते, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "या महिन्याची भिशी मागून घेते. पुढचे हप्ते कसे भरणार, देव जाणे." चौथा महिना चालू होता. तिने नंबर उचलला तर पुढे आठ हप्ते, चाळीस हजार, भरायचे होते. ते चुकले तर नंतर उचलणाऱ्या प्रत्येकीच्या हाती साठऐवजी पंचावन्न येणार. त्यांत मीही होते.

चार दिवसांनी भिशीत तिने नंबर मागितला. दोघी-तिघी "घे गं" म्हणाल्यासुद्धा. मी म्हणाले, "चिठ्ठ्याच टाकू या ना. नियम तो नियम." सूर अगदी सहज होता. डब्यात नऊ चिठ्ठ्या पडल्या आणि नंबर दुसरीला लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पोह्यांच्या बशा आत नेऊन ठेवल्या.

पुढच्या भेटीला ती आली ती फी ठेवायला. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही भिशीत बसला होतात की या खोलीत?" मी आधी बचावच केला: मी कुणाला काही सांगितलेलं नाही, नियम सगळ्यांना सारखाच. ती ऐकून घेऊन गेली. दोन दिवसांनी मी फोन करून कबूल केलं, की खोलीत ऐकलेलं मी बाहेर वापरलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, ऑनलाइन भेटी घेणाऱ्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. तिची हरकत नसेल तर नोंदींचा सारांश त्यांना पाठवते, असंही म्हणाले. तिने सारांश पाठवू दिला नाही.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 उपचारात कळलेली माहिती गुप्त ठेवायला सांगतं. आम्ही 'गुप्त' याचा अर्थ 'न सांगणं' असाच घेतो. पण मी एक शब्दही न सांगता तिच्या माहितीवर माझ्या पाच हजारांचा निर्णय घेतला. भिशीत बसलेल्या दहा जणींना काही कळलं नाही. जिला कळायला नको होतं तिला मात्र लगेच कळलं. दुहेरी नात्यात विश्वास बहुधा असाच तुटतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काही घडलेलंच दिसत नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत प्रत्येक दुहेरी नातं गैर ठरवलेलं नाही. त्या नात्यामुळे आपली वस्तुनिष्ठता किंवा काम बिघडण्याची, समोरच्याचं शोषण वा नुकसान होण्याची शक्यता आहे का, हे पाहायचं. छोट्या गावात याच निकषावर जगता येतं. मायकेल गॉटलीब यांनी 1993 मध्ये मांडलेली रीत मला जास्त हाताशी लागते: नात्यात कुणाची सत्ता किती, ते किती काळ चालणार, आणि ते संपलं हे दोघांनाही स्पष्ट कळणार का. आमच्या प्रकरणाला ती लावून पाहा. भिशीत आम्ही बरोबरीच्या, पण तिची सगळ्यात नाजूक माहिती माझ्याकडे आणि माझी तिच्याकडे काहीच नाही. भिशी आणखी दहा महिने चालणार, म्हणजे उपचाराच्या ऐन मध्यात दर महिन्याला गाठ. आणि दोघींचे पैसे एकाच डब्यात. पहिल्या फोनलाच हे तीन प्रश्न विचारले असते, तर भिशी हे भाजीवाल्याकडच्या भेटीसारखं प्रकरण नाही, हे दिसलं असतं.

मग काय करायचं होतं? तिला नकार देणं हा एक मार्ग. पण मग तिच्यासाठी गावात दुसरं कुणी नव्हतं, आणि ऑनलाइन बोलायला घरात बंद दार नव्हतं. मी भिशी सोडणं हा दुसरा. पण मधेच सोडली असती तर "हिने अचानक का सोडली" ही चर्चा तिच्याच दारापर्यंत गेली असती. तिसरा मार्ग मला माझ्या वरिष्ठ बाईंनी दाखवला. नाव-गाव झाकून मी त्यांना दर पंधरा दिवसांनी फोन करते, तसा तो पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. त्या म्हणाल्या, "नंबराच्या बाबतीत तू कधीच मत देत नाहीस, हे तिला घेतलंस त्याच महिन्यात सगळ्यांसमोर सांगून टाकायचं होतंस." खोच 'कधीच'मध्ये आहे. तिच्या वेळेलाच गप्प बसले असते, तर त्या गप्प बसण्यानेही बोभाटा केला असता. प्रत्येकीच्या वेळेला गप्प असले, की त्या गप्पपणाला अर्थ उरत नाही. आणि माझे पाच हजार बुडाले असते तर बुडू द्यायचे. तिला घेताना तो खर्च मी मान्य केलेला असायला हवा होता.

आता पहिल्या भेटीत मी विचारते, "आपली गाठ आणखी कुठेकुठे पडते?" शाळा, सोसायटी, देवळाची समिती, उधारीचं दुकान, सगळं दोघींनी मिळून कागदावर उतरवायचं. जिथे नुसती नजरानजर होते तिथे कोण आधी बोलणार एवढं ठरवलं की पुरतं. मी आधी बोलत नाही. जिथे पैसा, मत किंवा मुलांचे गुण गुंतलेत तिथे मी काय करणार नाही, हे लिहून ठेवते. तिच्याबद्दल बाहेरून काही कानावर आलं, तर नोंदीत ते 'बाहेरून कळलं' म्हणून वेगळं लिहिते. नाहीतर दोन महिन्यांनी, हे तिने सांगितलं की हळदीकुंकवात ऐकलं, ते मलाच आठवत नाही.

भिशी शेवटपर्यंत चालली. तिने एकही हप्ता चुकवला नाही. तिची चिठ्ठी अकराव्या महिन्यात निघाली. सावकाराचं काय झालं, धडधड थांबली का, हे मी विचारू शकत नाही. नवी भिशी सुरू झाली तेव्हा मी नाव घातलं नाही. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असं सांगितलं. ती बाजारात भेटली की हसते. ताई म्हणत नाही, मॅडमही म्हणत नाही.