एकटेपणावरची पुस्तकं: विकत कोणतं घ्यावं, वाचनालयातून कोणतं आणावं

उदगीर, मालेगाव किंवा कणकवलीहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींचा पहिला महिना धावपळीत जातो. खोली, मेस, पास, पुस्तकं यात एकटं वाटायला वेळच नसतो. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळ अंगावर येऊ लागते. मग कुणी तरी फोनवर ‘मित्र कसे जोडावेत’ असं शोधतं, समोर दहा पुस्तकं येतात आणि आईवडिलांनी पाठवलेल्या पैशांतले सहाशे-सातशे रुपये नको त्या पुस्तकावर जातात. ते पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, ते इथे सांगतो. किमती आजच्या अंदाजाने दिल्या आहेत, आवृत्तीप्रमाणे थोडा फरक पडेल. छापील पुस्तकावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे मागच्या कव्हरवरच्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देण्याचं कारण नाही. दुकानदार उलट काही टक्के सूट देतात.

विकत घ्यायचं पुस्तक एकच. ते असं हवं, की ज्यात पेन्सिलीने खुणा करता येतील आणि जे आठवड्याने पुन्हा उघडावं लागेल. बाकीची पुस्तकं एकदा वाचण्याची आहेत, ती वाचनालयाची चालतात.

इंग्रजी सहज वाचता येत असेल, तर ते एक पुस्तक मारिसा फ्रँको यांचं ‘प्लॅटॉनिक’ (२०२२). फ्रँको मानसशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचा मूळ मुद्दा सरळ आहे. मैत्री आपोआप होते असं मानणारी माणसं वाट बघत बसतात, म्हणून पुढाकार घ्यावा लागतो. यापेक्षाही उपयोगाचा भाग आहे तो टाळण्याच्या दोन प्रकारांबद्दलचा. एक प्रकार उघड, म्हणजे जायचंच नाही. दुसरा छुपा, म्हणजे जायचं पण तिथे असायचं नाही. मेसमध्ये ताट घेऊन चौघांच्या टेबलावर बसायचं आणि जेवण संपेपर्यंत फोनमधून मान वर काढायची नाही, हा दुसरा प्रकार. असं करणाऱ्याला मनापासून वाटत असतं, की मी रोज लोकांत जातो तरी कुणी बोलत नाही. हे प्रकरण वाचताना समासात स्वतःची उदाहरणं लिहा. त्यासाठीच पुस्तक स्वतःचं हवं. पुठ्ठा बांधणीची आयात प्रत घेऊ नका. साध्या बांधणीची प्रत सूट धरून साधारण साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान मिळायला हवी.

घेण्याआधी ई-पुस्तकाच्या दुकानातून मोफत नमुना फोनवर उतरवून घ्या. सुरुवातीची बरीच पानं वाचता येतात आणि इंग्रजी झेपतं की नाही ते अर्ध्या तासात कळतं. संपूर्ण ई-पुस्तक कधी कधी छापील प्रतीपेक्षा स्वस्त असतं, पण ते रूममेटच्या हातात देता येत नाही. या विषयावरच्या पुस्तकाच्या बाबतीत ही मोठी उणीव आहे.

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी ‘प्लॅटॉनिक’च्या मागे लागू नये. त्यांनी डॉ. आनंद नाडकर्णी यांचं ‘स्वभाव-विभाव’ घ्यावं. हे पुस्तक मैत्रीवर नाही. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची ओळख ते करून देतं. घटना घडली म्हणून आपण दुखावतो असं नाही, त्या घटनेचा आपण जो अर्थ लावतो तो दुखावतो, हे त्यातलं सूत्र. ‘वर्गात मला कुणी हाक मारली नाही’ ही घटना आणि ‘मी इथल्यांना आवडत नाही’ हा अर्थ, या दोहोंत फट दिसू लागली की पुढचं पाऊल टाकता येतं. एकटेपणावर काय उपयोगी पडतं याची संशोधकांनी २०११ मध्ये एकत्रित तपासणी केली. केवळ लोकांना भेटण्याच्या संधी वाढवण्यापेक्षा असे चुकीचे अर्थ दुरुस्त करण्याचे उपाय जास्त परिणामकारक ठरले. म्हणून मित्र जोडण्याच्या दहा युक्त्या सांगणाऱ्या मराठी पुस्तकापेक्षा मी हे आधी सुचवतो.

त्या तपासणीतल्या संशोधकांपैकी जॉन कॅसिओपो यांनी विल्यम पॅट्रिक यांच्यासोबत २००८ मध्ये ‘लोनलीनेस’ हे पुस्तक लिहिलं. भूक लागते तसा एकटेपणा हा शरीराचा इशारा आहे, असं ते मांडतात. आणखी महत्त्वाचं म्हणजे एकटा पडलेला माणूस नकळत सावध होतो, समोरच्याच्या साध्या चेहऱ्यातही त्याला नकार दिसतो, हे ते समजावून सांगतात. पुस्तक अव्वल आहे, पण आयात प्रतीला हजाराच्या आसपास मोजावे लागू शकतात. ते विकत घेऊ नका. महाविद्यालयात मानसशास्त्र विभाग असेल तर ग्रंथपालांकडे चौकशी करा. नसेल तर पुस्तक मागवण्याच्या मागणी-नोंदवहीत नाव लिहून ठेवा. ग्रंथालयाचं शुल्क तुम्ही प्रवेशाच्या वेळी भरलेलंच असतं.

विवेक मूर्ती यांचं ‘टुगेदर’ (२०२०) हेही तिथूनच आणा. ते अमेरिकेचे सर्जन जनरल होते आणि पुस्तकात सार्वजनिक आरोग्याची बाजू जास्त आहे. दोन संध्याकाळी वाचून परत करावं.

आता डेल कार्नेगी. त्यांचं मित्र जोडण्यावरचं १९३६ चं पुस्तक प्रत्येक फूटपाथवर आणि स्टेशनवर दिसतं. कार्नेगी १९५५ मध्ये गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे २०१६ पासून कुणीही मूळ मजकूर छापू शकतो, आणि शंभर-दीडशे रुपयांच्या इतक्या आवृत्त्या येतात त्या यामुळेच. स्वस्त आहे म्हणजे चोरटी आहे असं इथे समजू नका. अनुवाद घेताना मात्र अनुवादकाचं नाव आणि पानांची जाडी पाहा, कारण निम्मा मजकूर गाळून केलेले संक्षेपही त्याच नावाने विकले जातात. पुस्तक लिहिलं गेलं ते विक्रेत्यांसाठी आणि व्यवसायात वावरणाऱ्यांसाठी. माणसांची नावं लक्षात ठेवणं आणि समोरच्याला बोलू देणं, हे दोन भाग विद्यार्थ्याला जरूर उपयोगी आहेत. एकटेपणाबद्दल त्यात फारसं काही नाही.

‘प्लॅटॉनिक’सारख्या नव्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. त्याचा स्वामित्वहक्क चालू आहे, तेव्हा दीडशे रुपयांत नवी कोरी प्रत मिळत असेल तर ती चोरटीच. मधलं एखादं पान उजेडात धरून बघा. मागचा मजकूर आरपार दिसतो, अक्षरांच्या कडा फोटोकॉपीसारख्या फुटलेल्या असतात, ओळी पानावर किंचित तिरक्या बसलेल्या असतात आणि पुस्तक पूर्ण उघडलं की डिंकाची कण्यापाशी करकर होते. मध्ये आठ-सोळा पानं गायब असण्याचा अनुभव बऱ्याच जणांना येतो आणि फूटपाथवर बदलून कोण देणार? ऑनलाइन फसगत निराळी असते. गाजलेल्या पुस्तकाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि ‘सारांश’ किंवा ‘कार्यपुस्तिका’ हा शब्द बारीक. पैसे देण्याआधी लेखकाचं नाव, पृष्ठसंख्या आणि तेरा आकडी आयएसबीएन ताडून पाहिला तर हे टळतं.

कथा-कादंबरी हवी असेल, तर पुण्यात शिकायला आलेल्या मुलाची कादंबरी मराठीत आहेच. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३). सांगवीचा पांडुरंग पुण्यात येतो, वसतिगृहात राहतो आणि गर्दीत एकटा होत जातो. विकत घ्यायची तर तीनशे-चारशे रुपये लागतील, पण मराठी पुस्तकं देणाऱ्या जवळपास प्रत्येक वाचनालयात ती असते. ती फार खरी आहे आणि म्हणूनच दुसऱ्या महिन्यातल्या वाईट आठवड्यात ती हातात घेऊ नका. त्यात मृत्यू आहे आणि माघारी फिरणं आहे. दिवाळीनंतर, मन जरा स्थिर झाल्यावर वाचा.

शहरातलं वाचनालय लावणं हा खर्च मी जरूर करावा म्हणेन. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून चालू आहे आणि पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं. अनामत रक्कम भरावी लागते, ती वाचनालय सोडताना परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा. मासिक वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटाहून कमीच असते. सभासद होताना स्थानिक पत्त्याचा पुरावा मागतात. वसतिगृहाच्या रेक्टरचं पत्र किंवा महाविद्यालयाचं ओळखपत्र चालतं का, ते आधी फोन करून विचारा.

आता एक हिशोब मांडू. समजा, उदगीरची एक मुलगी विज्ञान शाखेत आली आहे. ‘प्लॅटॉनिक’साठी पाचशे, वाचनालयाच्या अनामतीसाठी पाचशे आणि तीन महिन्यांच्या वर्गणीसाठी तीनशे धरा. हातातून तेराशे गेले, त्यातले पाचशे परत येणार, म्हणजे सत्राचा खरा खर्च आठशे.

पण या पुस्तकांचा उपयोग व्हायचा तर एक वेगळी किंमत मोजावी लागते, ती तासांत. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा अंदाज काढला. ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या पुढे. शहर बदललेली माणसं आणि नवे विद्यार्थी हेच त्यांच्या अभ्यासात होते. अट अशी, की एकत्र काम करण्यात गेलेला वेळ फारसा धरला जात नाही. म्हणजे प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आठवड्याला सहा तास शेजारी उभं राहून भागत नाही.

या मुलीपुढे दोन पर्याय आहेत. डबा खोलीवर मागवायचा किंवा मेसमध्ये बसून जेवायचं. पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच लागतात. मेसमध्ये त्याच दोघी-तिघींबरोबर दोन वेळा अर्धा-अर्धा तास, म्हणजे दिवसाला एक तास. फोन पिशवीत ठेवला तर सात आठवड्यांत ५० तास होतात आणि तीन महिन्यांत ९०. डबा खोलीवर आला तर तेवढे तास दुसरीकडून काढावे लागतील आणि पहिल्या वर्षी ते सापडत नाहीत. त्यामुळे डब्याचे पैसे तीन महिन्यांचे एकदम भरू नका.

सातव्या आठवड्याच्या आत पुस्तक निरुपयोगी ठरवू नका. सुरुवातीला जेवताना बोलणं अडखळत होईल आणि आपण समोरच्यांना आवडलो नाही असं वाटेल. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की गप्पांनंतर लोक आपल्याबद्दलच्या आवडीचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी बांधतात. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांत तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला.

झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, वर्गात जाणं बंद झालं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर यांपैकी कोणतंही पुस्तक मागवू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. महाविद्यालयात समुपदेशक असतील, तर त्यांची वेळ घ्यायलाही पैसे पडत नाहीत.