भातावरील करपा, कडा करपा आणि मोबाईलची पारख

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाताना डोंगराच्या कुशीतील अनेक शिवारांत मोबाईलला संपर्क मिळत नाही. भातावर रोगाचे ठिपके पडतात ते नेमके श्रावण-भाद्रपदाच्या झडीत. अशा वेळी संपर्काविना पानाचे छायाचित्र पाहून रोगाचे नाव सांगणारे मॉडेल उपयोगी पडू शकते. मात्र त्याचे उत्तर कसे वाचावे हे ठाऊक असले पाहिजे.

मॉडेल म्हणजे हजारो छायाचित्रे दाखवून शिकविलेल्या आकड्यांची एक धारिका होय. मोबाईलसाठी तयार केलेल्या मोबाईलनेट या जातीच्या मूळ मॉडेलात सुमारे 42 लाख आकडे असतात. ते आखडून साठविले म्हणजे धारिका चार एमबीच्या आसपास भरते. कल्याणला किंवा मुरबाडला संपर्क असताना ती एकदा उतरवून घ्यावी, आणि शिवारात जाण्यापूर्वी मोबाईल विमान-स्थितीत टाकून एक छायाचित्र तपासून पाहावे. उत्तर आले नाही, तर ते साधन छायाचित्र दूरच्या संगणकाकडे पाठवीत आहे असे समजावे. शिवारात त्याचा उपयोग नाही.

त्यानंतर मॉडेलला कोणती नावे शिकविली आहेत ते पाहावे. ही यादी बहुधा `labels.txt` या धारिकेत असते. प्लांटव्हिलेज हा प्रसिद्ध छायाचित्रसंग्रह 54,306 पानांचा आहे, पण त्यातील 14 पिकांत भात नाही. केवळ त्यावर शिकलेल्या मॉडेलला भाताचे पान दाखविले, तर ते `Corn_(maize)___Northern_Leaf_Blight` असे मक्याच्या रोगाचे नावही खुशाल सांगेल. कारण यादीबाहेरचे नाव त्याला उच्चारताच येत नाही. याच संग्रहावर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेकडा 99.35 उत्तरे बरोबर आली. परंतु वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या छायाचित्रांवर हे प्रमाण 31 च्या आसपास उतरले. संग्रहातील पाने तोडून साध्या पृष्ठभागावर ठेवून टिपलेली होती. आपल्या खाचरातील पानामागे पाणी, चिखल व दुसरी पाने असतात, हे ध्यानात घ्यावे.

छायाचित्र घेण्याचीही रीत आहे. मोबाईलचे छायाचित्र कितीही मोठे असले, तरी मोबाईलनेटसारखे मॉडेल ते बहुधा 224 बाय 224 बिंदूंपर्यंत लहान करून पाहते. समजा, उभे राहून एक मीटर रुंदीचा चूड टिपला. मग एका बिंदूत सुमारे साडेचार मिलिमीटर जागा येते, आणि एक सेंटिमीटर लांब व तीन मिलिमीटर रुंद असा करप्याचा ठिपका दोन बिंदूंतच संपतो. आकारच उरला नाही तर ओळखायचे काय? तेच पान हातावर किंवा साध्या कागदावर धरून केवळ 12 सेंटिमीटर भाग टिपला, तर ठिपका सुमारे 19 बाय 6 बिंदूंचा होतो. पानावरील पाणी आधी हलकेच टिपून घ्यावे. थेंबाची चकाकी पांढऱ्या डागासारखी दिसते.

आता एक उदाहरण घेऊ. भाताची पाने शेंड्याकडून पिवळी पडत आहेत आणि मोबाईल उत्तर देतो: करपा 58, कडा करपा 36, तपकिरी ठिपके 6. हे आकडे यादीतील नावांची आपसांतील तुलना होय. त्यांची बेरीज नेहमी शंभर भरते. 58 म्हणजे "करपा आहे" असे नव्हे. एकाच खाचरातील निरनिराळ्या पाच पानांची छायाचित्रे घ्यावीत. नावे बदलत राहिली, तर मोबाईल खिशात ठेवावा व पान नीट न्याहाळावे. करप्याचा ठिपका होडीच्या आकाराचा, मध्ये राखाडी व कडेला तपकिरी असतो. कडा करप्यात पान शेंड्याकडून व कडांनी नागमोडी रेषेत पिवळे पडून पेंढ्यासारखे वाळते.

तरीही शंका उरल्यास पेला वापरावा. ताज्या रोगट पानाचा, जेथे हिरवा व पिवळा भाग मिळतो तेथील, दोन-तीन इंचांचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा उतरू लागला, तर तो जिवाणूंचा स्राव होय, म्हणजेच कडा करपा. जुन्या वाळलेल्या पानातून स्राव निघेलच असे नाही. त्यावरून रोग नाही असे मानू नये.

या दोहोंतील फरकावर शेतकऱ्याचा पैसा अवलंबून असतो. करपा बुरशीचा रोग आहे. त्यावर शिफारस केलेले बुरशीनाशक लागू पडते. कडा करप्यावर तीच फवारणी वाया जाते, आणि मधल्या दिवसांत वारा-पावसाने रोग पुढे सरकतो. तेथे युरियाचा पुढील हप्ता थांबवावा, खाचरातील पाणी काढून टाकावे व ते निरोगी खाचरात जाऊ देऊ नये. करप्यातही युरिया आवरताच घ्यावा, म्हणून निदान होईपर्यंत खताची गोणी सोडू नये.

पेल्यानेही उलगडा झाला नाही, तर पाच-सहा पाने वर्तमानपत्राच्या कोरड्या घडीत ठेवून कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राकडे पाठवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती वाटेतच कुजतात.