उधारीचा हिशेब मेलमध्येच मांड

अरे, गोरेगावच्या वितरकाला मेल लिहितोयस ते बरंच झालं. पण ‘वुई आर अ रेप्युटेड फर्म’ने सुरुवात करू नकोस. असे मेल मी उद्योगनगरातल्या गाळ्यात बसून वर्षानुवर्षं वाचलेत. वाचणारा दोनच गोष्टी शोधत असतो: माल किती उचलणार आणि माझे पैसे किती दिवस अडकणार.

विषयाच्या ओळीत गाव आणि माल लिही: चिपळूण, पीव्हीसी पाइप आणि फिटिंग. मग पहिल्याच परिच्छेदात विचार, की कंपनीने तुम्हाला रत्नागिरी जिल्ह्यात माल विकायची मुभा दिली आहे का. बऱ्याच कंपन्या वितरकाला हद्द आखून देतात. ती मुंबईपुरतीच असेल तर त्याला हो म्हणताच येणार नाही; मग तो तिकडच्या वितरकाचं नाव तरी देईल. एकट्यालाच डीलरशिप द्या, असं आत्ताच मागू नकोस. सहा महिने माल उचलून दाखव, मग तालुका माग.

आता मुख्य गोष्ट. महिन्याला तीन लाखांचा माल आणि तीस दिवसांची उधारी, असं तू लिहिणार होतास. एकदम उचललास तर त्याचे तीन लाख कायम तुझ्याकडे अडकलेले. त्याऐवजी दर दहा दिवसांनी एक लाखाची ऑर्डर आणि वीस दिवसांची उधारी माग. तिसरी ऑर्डर देताना पहिलं बिल चुकतं कर. माल महिन्याला तेवढाच जातो, पण येणं दोन लाखांच्या वर कधी जात नाही. ‘क्रेडिट लिमिट टू लाख, इन्क्लूजिव्ह ऑफ जीएसटी’ असं स्पष्ट लिही. नाहीतर वर अठरा टक्के चढून तेच दोन लाख छत्तीस हजार होतात आणि पहिल्याच महिन्यात वाद. पहिल्या दोन ऑर्डरी आगाऊ पैसे भरून घेईन, हेही लिही. अनोळखी गावच्या माणसाला उधारी मिळते ती त्यानंतरच.

गोदामाबद्दल तो विचारणारच. जुलै २०२१चा चिपळूणचा पूर इथल्या व्यापाऱ्यांच्याही लक्षात आहे. बाजारपेठेतल्या दुकानात थोडाच माल ठेवतो, बाकीचा उंचावरच्या गोदामात असतो, आणि विम्यात पूर धरलेला आहे, हे त्याने विचारायच्या आधी सांग. विमा नसेल तर आधी उतरव, मग मेल पाठव.

भाडं कोण देणार आणि वाटेत फुटलेल्या मालाची तक्रार किती दिवसांत करायची, यावर एकेक ओळ पुरे. खाली जीएसटी क्रमांक दे. तो पोर्टलवर टाकून बघेल, म्हणून फर्मचं नाव आणि पत्ता नोंदणीत आहे तसाच लिही. सही केलेला कोरा चेक मात्र मागितला तरी पाठवू नकोस. अनामतीचं बोलणं समोरासमोर बसून, लेखी पावती घेऊनच कर.