भाकड काळात शिरलेली दगडी

बाजारातून गाभण, भाकड एचएफ गाय आणली. व्यायला दोन महिने होते. कास मऊ, चारही सड सारखे. पण भाकड गाईचं दूध तपासता येत नाही, त्यामुळे आत काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. व्याल्यानंतर तिसऱ्या दिवशी मागची उजवी बाजू दगडासारखी कडक झाली. धारेत पाणी आणि गुठळ्या. डॉक्टरांनी औषध देण्याआधी सडाचं टोक स्पिरिटने पुसून दुधाचा नमुना घेतला. तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. हा जंतू कासेच्या आत घर करतो, तिथे औषध नीट पोहोचत नाही. सूज उतरली, ताप गेला, पण तो सड कायमचा बाद झाला.

म्हणून आता गाय आटवणं आम्ही स्वतःच्या डोळ्यांसमोर करतो. व्यायच्या तारखेआधी ६० दिवस धरतो. आधीचे काही दिवस खुराक कमी करतो, पाणी मात्र तोडत नाही. शेवटची धार पूर्ण काढायची. मग स्पिरिटच्या कापसाने आधी पलीकडचे सड पुसायचे, मग अलीकडचे. ट्यूब सोडताना मात्र उलट, आधी अलीकडच्या सडात, म्हणजे पुसलेल्या सडाला हात घासत नाही. नळीचं फक्त टोक आत घालायचं. पूर्ण दाबली तर सडाच्या तोंडाचं अस्तर दुखावतं. कोणती ट्यूब, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. शेवटी चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे.

त्यानंतर कास फुगते आणि हात शिवशिवतो. पण धार काढू नका. सडाच्या तोंडाशी नैसर्गिक बूच तयार होत असतं, धार काढली की ते निघतं. कास लाल, गरम झाली किंवा गाईने चारा सोडला तरच डॉक्टरांना बोलवा. आटवल्यानंतरचे आणि व्यायच्या आधीचे दोन-दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. तेव्हा गोठा कोरडा पाहिजे.

दुभत्या काळात रोज पहिल्या दोन-चार धारा काळ्या तळाच्या कपात घेऊन पाहतो. धार झाली की सड लगेच बुडवतो आणि पुढ्यात वैरण टाकतो. सडाचं तोंड मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर गाय बसता कामा नये. मात्र द्रावण हातावरून सडावर जाणारे जंतू मारतं. दोन धारांच्या मधल्या वेळेत शेणातून येणाऱ्यांना ते थोपवत नाही.

बाधित गाईची धार सर्वांत शेवटी काढा, ते दूध जमिनीवर सोडू नका. आराम दिसला म्हणून औषध मध्येच थांबवू नका. लेबलवर लिहिलेले दिवस चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका. निरोगी सडांतही औषध उतरतं.