सिझर लिफ्ट : सिलिंडरला लागणारे बल

म्हैसूरच्या विजयनगरातील एखाद्या कार्यशाळेत सिझर लिफ्टच्या मंचावर ८०० किलोग्रॅम भार १ मीटर उंचीवर धरून ठेवायचा आहे, असे समजू. मंचाचे वस्तुमान १५० किलोग्रॅम व भुजांचे १०० किलोग्रॅम आहे. भुजांचा गुरुत्वमध्य मंचाच्या निम्माच चढतो. म्हणून त्यांचे ५० किलोग्रॅमच धरावे. एकूण १,००० किलोग्रॅम, म्हणजेच W = ९,८१० न्यूटन.

भुजेची लांबी L = २ मीटर असून तळाशी आडवा बसवलेला सिलिंडर सरकत्या रोलरला स्थिर खिळीकडे ओढतो. मंच किंचित चढला, तर सिलिंडरने केलेले कार्य भार उचलण्याच्या कार्याइतके असते. उंची L sin θ आणि रोलरचे खिळीपासूनचे अंतर L cos θ असल्याने, घर्षण वगळता,

F = W ÷ tan θ

येथे sin θ = ०.५, म्हणजे θ = ३०°. बल सुमारे १७,००० न्यूटन येते. मात्र मंच ३५ सेंटीमीटरवर असताना कोन १०° असतो आणि तेच बल ५५,६०० न्यूटन होते! सिलिंडर निवडावा तो या खालच्या स्थितीसाठी.

विद्यार्थ्यांची चूक बहुधा पुढे होते. सिलिंडर ओढत असल्याने तेलाचा दाब दांड्याच्या बाजूच्या कंकणाकृती क्षेत्रावरच पडतो. ८० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर व ४५ मिलिमीटर दांडा असल्यास हे क्षेत्र ३,४३६ चौरस मिलिमीटर भरते. दाब १ मीटरवर सुमारे ५० बार, तर तळाशी १६२ बार लागतो. पूर्ण क्षेत्र धरल्यास तळाचा दाब १११ बारच दिसतो. त्या भरवशावर सुरक्षा झडप १२० बारवर लावली, तर वर भार सहज धरणारी लिफ्ट तळातून हलतच नाही.