ताईंच्या शिफारशीबद्दल

चि. मृणाल,


उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कारासाठी तू लॅबमधल्या ताईंची शिफारस करते आहेस, याचा फार आनंद झाला. मसुदा दोनदा वाचला. मेहनती, हसतमुख, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या, हे सगळं खरंच असणार. पण मी नर्सिंग सुपरिंटेंडेंट म्हणून निवड समितीवर असताना हेच शब्द जवळपास प्रत्येक अर्जात असायचे, आणि त्यांवरून कोणाचं काम काय हे कळत नसे. खरी गोष्ट तू शेवटी एका ओळीत उरकलीस: ‘कॅज्युअल्टीतील सॅम्पल रिजेक्शन कमी केले.’ अर्ज त्या ओळीपासून सुरू कर.

समितीत अकाउंट्सचे आणि प्रशासनाचेही लोक असतात, म्हणून आधी अडचण सोप्या शब्दांत सांग. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या की सॅम्पल हिमोलाइझ होतं. पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये ते खोटंच वाढलेलं दिसतं. असं सॅम्पल लॅब नाकारते. मग पेशंटला पुन्हा सुई टोचायची, आणि तोवर डॉक्टर रिपोर्टसाठी खोळंबलेले.

त्यानंतर ताईंनी नेमकं काय केलं ते लिही. तू फोनवर सांगितलंस ते मला मसुद्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटलं. त्या स्वतःची ड्यूटी संपल्यावर कॅज्युअल्टीत उभ्या राहून बघत होत्या. घाईत कॅन्युलातूनच सिरिंजने जोरात ओढून रक्त घेतलं जात होतं, मग सुईतून दट्ट्या दाबून ते ट्यूबमध्ये सोडलं जात होतं आणि ट्यूब खसाखसा हलवली जात होती. त्यांनी कोणाची तक्रार केली नाही. स्पिरिट वाळू द्या, टूर्निकेट मिनिटाच्या आत सोडा, शक्य तिथे थेट शिरेतून घ्या, ट्यूब न हलवता हलकेच उलटीसुलटी करा, हे प्रत्येक शिफ्टला हाताने करून दाखवलं. आणि रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना वाढवला. मला तर हा रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळेच पुढचं सगळं मोजता आलं.

आता आकडे. तू ‘96 वरून 38’ एवढंच लिहिलंस. कोणीतरी विचारणारच की सॅम्पलच कमी आली असतील. म्हणून एकूण संख्या शेजारी ठेव. तू पाठवलेल्या नोंदींप्रमाणे आधीच्या तिमाहीत 1,840 पैकी 96 हिमोलाइझ झाली, म्हणजे शंभरात पाचांहून थोडी जास्त. नंतरच्या तिमाहीत 1,910 पैकी 38, म्हणजे शंभरात दोन. जुनंच प्रमाण राहिलं असतं तर शंभराच्या आसपास सॅम्पल वाया गेली असती. म्हणून ‘सुमारे साठ वेळा पुन्हा टोचणं टळलं’ असं लिही. हे वाक्य अकाउंट्सच्या माणसालाही समजेल.

पण त्याआधी दोन गोष्टी तपास. हिमोलिसिस दोन्ही तिमाहींत एकाच पद्धतीने ठरवला होता का? आधी डोळ्यांनी रंग बघून आणि नंतर मशीनच्या इंडेक्सवर ठरवला असेल, तर ही तुलना टिकणार नाही. दुसरं, त्याच काळात सुया किंवा ट्यूब बदलल्या का? ताई जिथे गेल्या नाहीत त्या वॉर्डांचे आकडे काढून बघ. तिथे प्रमाण तसंच राहिलं असेल तर श्रेय ताईंच्या कामाला देता येईल. तिथेही उतरलं असेल तर तेही अर्जात लिही आणि दावा तेवढा कमी कर.

एक प्रसंग मात्र जरूर घे. पोटॅशियम 6.8 आलं होतं. सिरम लालसर दिसल्यावर ताईंनी रिपोर्ट सोडण्याआधी कॅज्युअल्टीत फोन केला, डॉक्टरांनी ईसीजी बघितला, तो ठीक होता, दुसरं सॅम्पल घेतलं आणि 4.6 आलं. पोटॅशियम उतरवण्याची औषधं देण्याची वेळ आली नाही. एवढंच लिही. ‘प्राण वाचवले’ हे तुझ्या मसुद्यातलं वाक्य काढून टाक, ते आपल्याला सिद्ध करता येणार नाही. पेशंटचं नाव, वय, तारीख यांतलं काही येऊ देऊ नकोस. त्या दिवशीच्या डॉक्टरांकडून दोन ओळी त्यांच्याच शब्दांत लिहून घे.

कॅज्युअल्टीच्या सिस्टरांचा उल्लेख विसरू नकोस. हात त्यांचे बदलले. त्यांना वगळलंस तर ताईंनाच अवघडल्यासारखं होईल. आणि अर्ज देण्याआधी ताईंना दाखव. तपशिलात कुठे चूक असेल तर ती त्यांनाच सापडेल.

वॉर्डांचे आकडे हाती आले की नवा मसुदा पाठव, मी त्याच दिवशी वाचते.

तुझी,
मावशी